क्रेडिटचा हिशेब, स्पाइकचा खेळ

व्हॅलोरंटचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ होतो तो कॅमेऱ्यामुळे. तो या खेळाडूच्या डोळ्यांतून निघून त्या खेळाडूच्या डोळ्यांत शिरत असतो. मध्येच धूर उठतो, दोन सेकंदांत तीन जण पडतात, प्रेक्षागृह ओरडतं आणि कास्टर, म्हणजे या खेळाचे समालोचक, एका दमात ‘इको’, ‘टेम्पो’, ‘पोस्ट-प्लांट’ म्हणून पुढच्या फेरीवर गेलेले असतात. आपण मात्र कोण कोणाला मारलं यातच अडकतो. खरं तर नेम चांगला असणं या पातळीवर गृहीतच धरलेलं असतं. सामना बहुतेक वेळा फिरतो तो इतर तीन गोष्टींवर: पैसा, वेळ आणि स्पाइक.

आधी नियम, आणि तेही कामापुरते. रायट गेम्स कंपनीने २०२० साली आणलेला हा खेळ पाच विरुद्ध पाच असा खेळतात. एक संघ चढाई करतो, दुसरा बचाव. चढाईवाल्यांकडे स्पाइक नावाचा बॉम्ब असतो, तो नकाशावरच्या ए, बी (आणि काही नकाशांत सी) अशा ठरलेल्या जागांपैकी एकीवर लावायचा. या जागेला ‘साइट’ म्हणतात. फेरी १०० सेकंदांची. मेलेला खेळाडू सहसा पुढच्या फेरीपर्यंत परत येत नाही. १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलतात, आणि जो आधी १३ फेऱ्या जिंकेल त्याचा नकाशा. १२-१२ झालं तर जादा फेऱ्या. लीगचे सामने सहसा तीन नकाशांचे असतात, मोठे अंतिम सामने पाच नकाशांचे.

आता पैसा. प्रत्येक फेरीआधी खरेदीसाठी थोडा वेळ असतो. नवखा प्रेक्षक नेमका तेव्हा चहा आणायला उठतो, आणि मग पुढच्या फेरीत असं का झालं ते त्याला कळत नाही. त्या वेळी पडद्यावर दोन्ही संघांच्या दहा खेळाडूंसमोर त्यांच्याकडचे क्रेडिट, बंदूक आणि चिलखत दिसतं. ते वाचता आलं की फेरी सुरू होण्याआधीच कोणाची बाजू जड आहे याचा अंदाज येतो.

पहिल्या फेरीचंच उदाहरण घेऊ. प्रत्येकाकडे ८०० क्रेडिट असतात, म्हणजे पिस्तूल आणि फार तर हलकं चिलखत. ही ‘पिस्तूल राउंड’. समजा लाल संघ जिंकला आणि निळा हरला. लालमधल्या प्रत्येकाला ३००० मिळतात, निळ्यांना १९००. (शत्रू मारल्याचे प्रत्येकी २०० वेगळे, ते तूर्त बाजूला ठेवू.) चांगली रायफल, व्हँडल किंवा फँटम, २९०० ला येते आणि जड चिलखत १००० ला. म्हणजे पुरत्या तयारीला ३९०० लागतात आणि दुसऱ्या फेरीत तेवढे कोणाकडेच नसतात. लाल संघ १६०० ची स्पेक्टर नावाची सबमशीनगन आणि १००० चं चिलखत घेतो, वर ४०० उरतात. निळ्यांपुढे मात्र खरा पेच असतो.

त्यांनी १९०० मोडून जमेल तशी बंदूक घेतली, तर ती ‘फोर्स बाय’. हरले तर तिसऱ्या फेरीला हाती येतात २४००, कारण सलग हरत गेल्यावर भरपाई १९०० वरून २४०० आणि पुढे २९०० होते. २४०० मध्ये व्हँडलसुद्धा येत नाही. म्हणजे तिसरी फेरीही गेल्यात जमा. उलट दुसऱ्या फेरीत त्यांनी काहीच घेतलं नाही, फुकटच्या पिस्तुलावर निभावलं, तर ती ‘इको’. ती फेरी बहुधा हातची जाते, पण १९०० आणि २४०० मिळून ४३०० जमतात. रायफल, जड चिलखत, आणि वर ४०० क्रेडिटची धूर-झगमगाटाची सामग्री. कास्टर ‘फुल बाय’ म्हणतात ती हीच. म्हणून १-० वर निळा संघ पिस्तुलं घेऊन भित्र्यासारखा दिसला, तर त्यात भित्रेपणा नसतो. तिसऱ्या फेरीसाठी तो दुसरी फेरी मोजून देत असतो.

इथे लाल संघाचीही एक चाल असते, आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते. तिसऱ्या फेरीत त्यांच्या जिवंत राहिलेल्यांकडे स्पेक्टर तशाच असतात आणि खिशात साधारण ३४००. ते नवीन रायफल न घेता त्याच स्पेक्टरवर निळ्यांच्या रायफलींसमोर उभे राहतात. ही ‘बोनस राउंड’. हरले तरी ३४०० मध्ये १९०० मिळवून चौथ्या फेरीला पुरती तयारी होते. मरता मरता समोरच्या दोन-तीन रायफली जरी पाडल्या, तरी निळ्यांच्या तिजोरीला भोक पडतं. आणि जिंकलेच, तर निळ्यांचं सगळं गणित कोसळतं. फार कमी किमतीच्या सामग्रीवर फेरी मारली की पडद्यावर ‘THRIFTY’ अशी पाटी झळकते. ती दिसली की धावफलकात एकच गुण वाढला असला, तरी नुकसान दोन-तीन फेऱ्यांचं झालेलं आहे असं खुशाल समजावं.

आणखी एक दृश्य नवख्यांना खटकतं. तीन शत्रू समोर, आपला एकच उरलाय, वीस सेकंद आहेत, आणि तो लढायचं सोडून कोपऱ्यात लपतो. कास्टर शांतपणे सांगतात, ‘सेव्ह.’ फेरी गेलेलीच आहे, हातातली ४७०० ची ऑपरेटर स्नायपर तरी वाचावी, एवढाच विचार. खेळाने यावर दंडही ठेवला आहे. चढाईवाला स्पाइक न लावता, किंवा बचाववाला स्पाइक फुटल्यावरही जिवंत राहिला, तर हरल्याची पूर्ण भरपाई न मिळता फक्त १००० मिळतात. तरीही महागडी बंदूक हातात असली की लपणंच परवडतं. विजेता संघ मग सुटलेल्याला शोधायला निघतो, कारण त्यांनाही त्या बंदुकीची किंमत माहीत असते.

टेम्पो ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही, म्हणून ती पकडायला थोडा वेळ लागतो. कास्टर जेव्हा म्हणतात की एका संघाने टेम्पो घेतला, तेव्हा तो संघ वेगाने धावतोय असंच नाही. कोण आधी हालचाल करतोय आणि कोण उत्तर देत बसलाय, हा मुद्दा असतो. व्हेनिसमध्ये घडवलेला ॲसेंट नावाचा नकाशा घ्या. त्याच्या मधला मोकळा भाग, ‘मिड’, ज्याच्या हाती, त्याला ए आणि बी दोन्हीकडे जाता येतं. हा भाग मिळाल्यावर चढाईवाले घाई करत नाहीत. पाच जण विखुरलेले राहतात, इथे थोडा आवाज, तिथे एखादा धूर. याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. बचाववाल्यांना दोन्ही दारं राखावी लागतात आणि धूर, आग, झगमगाट ही मोजकी सामग्री घाबरून आधीच वापरून टाकावी लागते. एखादा बचाववाला कंटाळून पुढे डोकावला आणि मेला, की क्षणात पाचही जण एका साइटवर तुटून पडतात. हळू खेळ अचानक वेगवान होतो तो तिथे.

घड्याळावर नजर ठेवली तर हे सारं आधीच ओळखता येतं. कबड्डीत ‘करो या मरो’ चढाईवर जसं खेळाडूचं वागणं बदलतं, तसं इथे शेवटच्या तीस सेकंदांत होतं. ७० सेकंद उरले असताना चढाईवाले उगी असतील तर तो आराखडा. २५ उरले आणि स्पाइक अजून मागेच असेल, तर ती अडचण, कारण स्पाइक लावायलाच चार सेकंद लागतात आणि बचाववाल्यांना आता फक्त उशीर करायचा असतो.

याउलट टोकाला सिंगापूरस्थित पेपर रेक्स हा संघ. समोरच्याने सामग्री मांडायच्या आत अंगावर जायचं ही त्यांची ओळख. बचावाला असतानासुद्धा ते वाट पाहत बसत नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या किआ फोरममध्ये विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना त्यांनी खेळला, आणि अमेरिकेच्या इव्हिल जीनियसेसने तो ३-१ असा जिंकला. (त्या विजेत्या संघाची मुख्य प्रशिक्षक क्रिस्टीन ची ही स्त्री होती, हेही लक्षात ठेवण्याजोगं.) टेम्पो म्हणजे काय ते शिकायला पेपर रेक्सच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ चांगले. त्याच पॅसिफिक लीगमध्ये २०२३ पासून भारताचा ग्लोबल ईस्पोर्ट्स संघही उतरला आहे, तेव्हा आपल्या वेळेनुसार पाहायला ती लीग सोयीची.

राहिलं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे मारामारीपलीकडे नकाशावर जे मिळवायचं ते. लीग ऑफ लेजंड्स किंवा डोटासारख्या खेळांत ते बुरूज, ड्रॅगन, रोशन असं बरंच काही असतं. व्हॅलोरंटमध्ये मुख्य एकच: स्पाइक. तो लागेपर्यंत वेळ बचाववाल्यांच्या बाजूला, लागल्यावर चढाईवाल्यांच्या. लागल्यापासून ४५ सेकंदांत तो फुटतो. इथून पुढे चढाईचे पाचही जण मेले तरी फेरी संपत नाही, बचाववाल्याला जाऊन तो निकामी करावाच लागतो. त्याला सात सेकंद लागतात. मात्र साडेतीन सेकंद सलग काम झालं की अर्धं जमा होतं, मग उठून पुन्हा आलं तरी उरलेले साडेतीनच.

एकास एक उरल्यावरचा डाव जवळून पाहा. चढाईवाला साइटवर नसतोच, तो लांब आडोशाला कान देऊन बसलेला असतो. बचाववाला स्पाइकला हात लावतो, तसा आवाज होतो. चढाईवाला डोकं काढतो, तर बचाववाला हात सोडून बंदूक रोखून तयार. ही हूल झाली. पुन्हा हात, पुन्हा आवाज. आता चढाईवाल्याला ठरवायचंय की हे खरं की पुन्हा हूल. ब्रिमस्टोनसारखं पात्र असेल तर तो बाहेर न येताच वरून आगीचा गोळा स्पाइकवर टाकतो. बचाववाला आगीत बसला तर मरतो, उठला तर सेकंद जातात. अर्धं काम जमा झालंय की नाही यावर सगळं अवलंबून. इथे प्रेक्षकांनी स्पाइकचा ठोका ऐकावा. तो जितका जलद, तितका वेळ कमी.

बाराव्या फेरीला मात्र वरचा सगळा पैशाचा हिशेब बाजूला ठेवायचा. बाजू बदलताना खाती पुन्हा ८०० वर येतात, त्यामुळे साठवून उपयोग नसतो आणि सगळे असेल ते उधळतात. तेव्हा खरेदीच्या वेळात पाहायचं ते एवढंच, की कोणाकडे उधळायला काही उरलंय.