दसऱ्याचं लेथ आणि दोन दिवसांचा घसारा

कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी नवं यंत्र शक्यतो दसऱ्यालाच सुरू होतं. हार, नारळ, पेढे झाले की बटण दाबायचं. 2022 साली दसरा 5 ऑक्टोबरला होता. मुहूर्त उत्तम, पण आयकराच्या हिशेबात तो दोन दिवस उशिरा आला.

समजा, एका छोट्या वर्कशॉपने त्या दिवशी लेथ चालू केलं. यंत्र 9,40,000 रुपयांचं, वाहतूक आणि पाया घालण्याचा खर्च 60,000. जीएसटीची वजावट वेगळी मिळाली, म्हणून तो किमतीत धरायचा नाही. वहीत लेथ 10 लाखांचं लागलं. वाहतुकीचं बिल किरकोळ खर्चात टाकून मोकळं होण्याची सवय अनेकांना असते. ते यंत्राच्या किमतीतच जायला हवं.

हे 10 लाख एकाच वर्षाच्या नफ्यातून वजा करणं बरोबर नाही, कारण लेथ पुढची कैक वर्षं काम देणार. म्हणून दरवर्षी थोडी थोडी झीज खर्ची टाकायची. हाच घसारा. मालकाच्या अंदाजाने लेथ 10 वर्षं चालेल आणि शेवटी मोडीत 1 लाख येतील. उरलेले 9 लाख 10 वर्षांत सारखे वाटले की वर्षाला 90,000 पडतात. ही सरळ रेषा पद्धत. ऑक्टोबर ते मार्च हे सहाच महिने वापर झाला (ऑक्टोबर पूर्ण धरून), म्हणून पहिल्या वर्षी 45,000. पुढची दोन वर्षं 90,000 प्रत्येकी. 31 मार्च 2025 ला वहीत उरतात 7,75,000.

आयकर खात्याची रीत निराळी आहे. तिथे घटत्या शिल्लकेची पद्धत चालते: मोडीची किंमत वजा करायची नाही, उरलेल्या रकमेवर दरवर्षी ठरलेला टक्का लावायचा. साध्या यंत्रांना तो 15 टक्के आहे. महिने मोजत बसायचं नाही. वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर दर निम्मा, नाहीतर पूर्ण. 5 ऑक्टोबर ते 31 मार्च होतात 178 दिवस. त्यामुळे दीड लाखाऐवजी 75,000 च मिळाले. लेथ 3 ऑक्टोबरला सुरू झालं असतं, तर बरोबर 180 दिवस भरले असते.

हे 75,000 बुडाले मात्र नाहीत. ते शिल्लकेत राहिले आणि पुढच्या वर्षांत थोडे थोडे वजा होत गेले. दुसऱ्या वर्षापासून दर पूर्ण 15 टक्के लागतो. मागच्या वर्षीची शीट कॉपी करताना साडेसात टक्केच ठेवणं ही हमखास होणारी चूक. आपल्या लेथचं असं झालं: 9,25,000 वर 1,38,750 आणि मग 7,86,250 वर 1,17,938. 31 मार्च 2025 ची शिल्लक 6,68,312.

आता 30 सप्टेंबर 2025 ला मालकाने लेथ 6,90,000 ला विकलं, जीएसटी वगळून. फायदा झाला की तोटा?

वहीत आधी एप्रिल ते सप्टेंबरचा 45,000 घसारा टाकायला हवा. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं चुकतं. मग किंमत 7,30,000 येते आणि विक्रीत 40,000 चा तोटा दिसतो. आयकराच्या बाजूला विक्रीच्या वर्षी त्या यंत्रावर वेगळा घसारा नाही. 6,68,312 च्या तुलनेत 6,90,000 आले, म्हणजे 21,688 जास्त. एकच लेथ, एकच खरेदीदार, पण एका कागदावर तोटा आणि दुसऱ्यावर नफा. दोन्ही आकडे बरोबर आहेत. झीज मोजण्याचा वेग तेवढा वेगळा.

त्या 21,688 वर कर लागेलच असं नाही. आयकरात एका दराची सगळी यंत्रं एकाच गटात, म्हणजे ब्लॉकमध्ये असतात. गटात दुसरं काही नसेल, तर ही रक्कम अल्पकालीन भांडवली नफा ठरते. पण त्याच वर्षी मालकाने 14 लाखांचं नवं यंत्र घेतलं, तर जुनी शिल्लक अधिक 14 लाख उणे 6,90,000, म्हणजे 13,78,312 उरतात. वेगळा नफा राहत नाही, उलट या रकमेवर घसारा मिळतो.

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला आला. यंत्र त्याच दिवशी चालू झालं तर 181 दिवस भरतात आणि 15 टक्क्यांनी 2,06,747 मिळतात. पण इथे बिलाची किंवा पूजेची तारीख चालत नाही, प्रत्यक्ष वापराची धरतात. हार घातलेलं यंत्र वायरमनची वाट पाहत राहिलं आणि 4 तारखेला सुरू झालं, तर दिवस भरतात 179 आणि त्या वर्षीचा घसारा 1,03,373 वर येतो.