लेबलवर काहीच लिहिलेलं नाही

परदेशातून आलेल्या लोकरी स्वेटरच्या आत, बाजूच्या शिवणीत एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर ओळीने काही आकृत्या विणलेल्या असतात. पाण्याचा टब आणि त्यात बुडलेला हात, फुली मारलेला त्रिकोण, फुली मारलेला चौकोन आणि त्यात वर्तुळ, पुढे आडवी रेघ असलेला आणखी एक चौकोन, ठिपके असलेली इस्त्री, शेवटी एक वर्तुळ आणि त्यात P हे रोमन अक्षर. या सगळ्यांच्या वर लोकरीच्या लडीसारखं वळणदार, काळ्या पट्ट्यांचं बोधचिन्ह. या पट्टीचा फोटो कुणीतरी पाठवतं आणि खाली लिहितं : ‘यावर काय लिहिलंय, मराठीत सांगा.’

खरं उत्तर एका वाक्याचं आहे. यावर काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे भाषांतर करायला काही नाही. पण हे उत्तर मिळणं वाटतं तितकं सोपं नाही, विशेषतः प्रश्न फोनमधल्या फोटो-भाषांतराच्या सोयीला विचारला असेल तर. त्याचं कारण या सोयी फोटो कसा वाचतात यात आहे.

फोटोतला मजकूर वाचण्याचं काम साधारण तीन टप्प्यांत होतं. आधी फोटोत अक्षरं कुठे असावीत याचा शोध, मग त्या जागची अक्षरं ओळखणं आणि शेवटी हाती आलेल्या ओळीचं भाषांतर. पहिल्या टप्प्यात घोळ का होतो, हे एका जुन्या युक्तीवरून समजतं. मायक्रोसॉफ्टमधल्या एप्श्टाइन, ओफेक आणि वेक्सलर या संशोधकांनी 2010 साली एक साधं निरीक्षण वापरलं : अक्षराची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारख्याच जाडीची असते. झाडाची पानं, भिंतीच्या भेगा किंवा कपड्याच्या घड्या तशा नसतात. म्हणून फोटोत सारख्या जाडीच्या रेघा शोधायच्या आणि त्या एका ओळीत, सारख्या उंचीच्या दिसल्या तर तिथे मजकूर आहे असं धरायचं. आजच्या पद्धती असा एकच नियम वापरत नाहीत. त्या असंख्य नमुन्यांवरून शिकलेल्या असतात. पण अक्षरांची जी लक्षणं त्या शिकल्या, त्यांत हेही आहेच.

आता स्वेटरची पट्टी पुन्हा पाहा. तिच्यावरच्या आकृत्या मुद्दाम सारख्या जाडीच्या रेघांनी काढलेल्या आहेत, कारण त्या काही मिलिमीटरच्या जागेत विणता किंवा छापता आल्या पाहिजेत. शिवाय त्या सारख्या उंचीच्या आहेत, सारख्या अंतरावर आहेत आणि एका ओळीत आहेत. अक्षरांची बहुतेक सगळी लक्षणं त्यांच्यात आहेत, फक्त त्या अक्षरं नाहीत. यंत्राने त्यांना मजकूर समजावं यात आश्चर्य नाही.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्यावर येते. अक्षर ओळखणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक आकृतीसाठी तिच्या ठरलेल्या संचातलं सर्वांत जवळचं अक्षर निवडायला शिकवलेलं असतं. ‘हे अक्षरच नाही’ असं म्हणण्याची सोय तिच्यात बहुधा कच्ची असते किंवा मुळीच नसते. रोमन लिपी निवडली असेल तर त्रिकोणाचा A होतो, वर्तुळाचा O होतो, फुलीचा X होतो. जपानी किंवा चिनी निवडली तर प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण त्या लिपीत चौकोनी घडणीची अक्षरं पुष्कळ आहेत. नुसता चौकोन म्हणजे तोंड. चौकोनात मधोमध आडवी रेघ म्हणजे सूर्य किंवा दिवस. आणि आपल्या पट्टीवरच्या चौथ्या खुणेत नेमकं तेच आहे : चौकोन, त्यात आडवी रेघ. शिवाय डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन छोट्या तिरक्या रेघा, ज्या धूसर फोटोत सहज हरवतात. त्या खुणेचा ठरलेला अर्थ आहे ‘सपाट पसरून, सावलीत वाळवा’. अक्षर म्हणून वाचली तर तिथे ‘सूर्य’ येतो. तिसऱ्या टप्प्यावरच्या भाषांतराला आधी काय झालं याची कल्पना नसते. त्याच्या हाती शब्द आला, त्याने तो मराठीत दिला. सावलीत वाळवायच्या लोकरीवर ऊन यावं, असा हा गोंधळ आहे.

मग या आकृत्या आहेत तरी काय? त्या एका संस्थेने ठरवलेल्या खुणा आहेत. जिनेटेक्स ही संस्था 1963 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि या खुणा तिची नोंदणीकृत व्यापारचिन्हं आहेत. पुढे त्यांच्यावरून आयएसओ 3758 हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. त्यात खुणांचा क्रमही ठरलेला आहे : धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री आणि शेवटी धुलाई दुकानातली व्यावसायिक सफाई. अर्थ ठरलेला असल्यामुळे या खुणा समजावून सांगता येतात. पण समजावणं आणि भाषांतर करणं ही दोन कामं आहेत, आणि उत्तर देणाऱ्याने आपण त्यातलं कोणतं करतो आहोत हे सांगितलंच पाहिजे. भाषांतराला मूळ वाक्य असतं, त्याच्याशी ताडून पाहता येतं. खुणेच्या अर्थाला वाक्य नसतं, त्याच्यामागे मानक असतं. ‘हाताने हळुवार धुवा’ असं मराठी वाक्य अवतरणचिन्हांत दिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की पट्टीवर ते तसं लिहिलेलं आहे.

आपल्या पट्टीचं प्रामाणिक उत्तर मग असं होईल. या फोटोत मजकूर नाही, एक बोधचिन्ह आणि सहा खुणा आहेत. बोधचिन्ह वूलमार्कचं, 1964 पासून वापरात असलेलं, शुद्ध नव्या लोकरीची हमी देणारं. टबातला हात म्हणजे हाताने धुवा, पाणी जास्तीत जास्त 40 अंश सेल्सिअस. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे कोणतंही ब्लीच नको. घरोघरी मिळणारं क्लोरीनचं ब्लीच लोकरीचा तंतूच विरघळवू लागतं, त्यामुळे ही खूण लोकरीच्या कपड्यावर जवळजवळ नेहमीच दिसते. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे फिरणारा ड्रायर आणि त्यावर फुली म्हणजे तो नको. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. पुढची खूण सावलीत सपाट वाळवण्याची. इस्त्रीवर एक ठिपका असेल तर सगळ्यांत कमी उष्णता, तीन असतील तर सगळ्यांत जास्त. या फोटोत ते एक आहेत की दोन हे स्पष्ट दिसत नसेल, तर तसं सांगावं आणि तोवर एकच धरून चालावं. कमी उष्णतेने फार तर सुरकुती राहील.

राहिलं ते P. हे खरंखुरं रोमन अक्षर आहे, यंत्र ते बरोबर वाचतं, तरीही भाषांतर करण्याजोगं काही नाही. हा ड्रायक्लीनिंगवाल्यासाठीचा संकेत आहे. पर्क्लोरोएथिलीन या द्रावकाच्या नावावरून तो आला. त्याच जागी F असेल तर हायड्रोकार्बन द्रावक, W असेल तर व्यावसायिक ओली धुलाई. टबात 40 हा आकडा असता तर त्याचंही तेच. तो आकडा आहे, पण त्याचा अर्थ टबामुळे ठरतो. अमेरिकी पद्धतीत तेच तापमान टबातल्या ठिपक्यांनीही दाखवतात. म्हणजे ‘फोटोत अक्षर आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ते अक्षर एखाद्या भाषेतलं आहे का, हे पाहावं लागतं.

हा फरक जपानी कपड्यांवर फार चांगला दिसतो. जपानमध्ये 1 डिसेंबर 2016 पर्यंत स्वतःच्या जुन्या खुणा चालत होत्या आणि त्यांच्यात खरोखर मजकूर होता. इस्त्रीच्या चित्रात ‘उच्च’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ या अर्थाचं अक्षर असे. चंबूच्या आकृतीत क्लोरीन ब्लीचसाठीचे जपानी शब्द असत. त्या दिवसापासून जपानने आयएसओला धरून नवं मानक लागू केलं आणि ही अक्षरं गेली. एकाच कंपनीचे दोन सदरे, एक 2014चा आणि दुसरा 2018चा, घेतले तर पहिल्याच्या लेबलचं थोडंफार भाषांतर करता येईल, दुसऱ्याच्या खुणांचं नाही. देश तोच, भाषा तीच, कपडाही तोच. म्हणून ‘जपानी लेबल आहे, म्हणजे काहीतरी जपानी लिहिलेलं असणारच’ हा अंदाजसुद्धा चालत नाही. फोटोतच पाहावं लागतं.

‘मजकूर नाही’ हे उत्तर आळसाने देण्याचाही धोका आहे आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मजकूर नसणं, मजकूर असून वाचता न येणं आणि मजकूर यंत्राला न येणाऱ्या लिपीत असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पडद्यावर तिन्हींचा परिणाम एकच दिसतो : रिकामी जागा किंवा ‘काही सापडलं नाही’. अक्षराची उंची वीसेक पिक्सेलच्या खाली गेली की ओळख डळमळू लागते. त्यामुळे लेबल जवळून, सपाट धरून, उजेडात पुन्हा टिपल्याशिवाय नकार देऊ नये. खुणांच्या ओळीखाली राखाडी धागा दिसत असेल तर ती अस्पष्ट अक्षरं असू शकतात. तेव्हा खरं उत्तर ‘मजकूर नाही’ हे नसून ‘मजकूर असावा, पण या फोटोत वाचता येत नाही’ हे आहे.

यंत्राने मजकूर दिला असेल तर तो खरा आहे की आकृत्यांतून उगवलेला, हे घरी तपासता येतं. मूळ भाषेचं बटण बदलून पाहा. खरा मजकूर दुसऱ्या लिपीत वाचायला लावला की विस्कटतो आणि योग्य लिपीत परत जमतो. आकृत्यांतून निघालेला मजकूर प्रत्येक भाषेत काहीतरी नवंच सांगतो आणि कुठेच जमत नाही. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. मराठीत आलेला प्रत्येक शब्द फोटोत कुठून आला, ते बोटाने दाखवा. सात आकृत्यांच्या फोटोतून वीस शब्दांचं सुबक वाक्य आलं आणि बोट ठेवायला जागाच सापडली नाही, तर ते वाक्य कुणीतरी रचलेलं आहे. टेसरॅक्टसारखी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना प्रत्येक शब्दासोबत शून्य ते शंभरपर्यंतचा खात्रीचा आकडाही मिळतो. सुटी एक-दोन अक्षरं आणि त्यांच्यापुढे कमी आकडे, असं दिसलं तर तिथे चित्र असण्याची शक्यता जास्त.

आणि स्वेटरबद्दल विचारणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या कपड्यावर तंतूंचं प्रमाण शब्दांत, त्या त्या देशाच्या भाषेत देणं बंधनकारक आहे. ते या पट्टीवर नसेल तर बहुधा तिच्या मागच्या बाजूला किंवा शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर असतं. ती उलटून तिचाही फोटो पाठवायला सांगावं.