कुणाला काय ठाऊक

आर्थर कॉनन डॉयलच्या १८८७ सालच्या पहिल्या होम्सकथेत डॉ. वॉटसनला युद्धातली गोळी खांद्याला लागलेली असते. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत तो पायातल्या गोळीनं बेजार आहे. जित्याजागत्या लेखकाचंही असं होतं. चॅटबॉट हाताशी घेऊन कादंबरी लिहिणाऱ्यांचं तर रोजच होतं. नवं संभाषण उघडलं की कालची प्रकरणं त्याच्यासमोर नसतात. जुनंच संभाषण लांबवलं, तरी एका वेळी किती मजकूर विचारात घेता येतो याला मर्यादा असते. म्हणून पात्रं आणि त्यांचं जग यांची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि दर बैठकीला आधी ती चिकटवायची. मालिकालेखक अशा नोंदीला ‘बायबल’ म्हणतात.

बहुतेकांचं बायबल फसतं ते विशेषणांमुळे. समजा, कोकणातल्या एका घराची कादंबरी आहे. ‘सुमन सोशिक, टपोऱ्या डोळ्यांची’ असं लिहिलंत की प्रत्येक प्रसंगात ते डोळे हजर! त्यापेक्षा अशी नोंद उपयोगी पडते:

‘सुमन: जन्म १९४१, लग्न १९५९. नवऱ्याला, दिनकरला, अहो-जाहो करते. धाकट्या दिराला, वसंताला, भाऊजी म्हणते, पण एकेरीत बोलते. वसंता तिला वहिनी म्हणतो आणि अहो-जाहो करतो.’

मराठीत ही शेवटची माहिती सोडून चालतच नाही. ती नसेल तर ‘तुम्ही जेवलात का’ म्हणणारी सुमन दोन पानांनी त्याच दिनकरला ‘कुठे गेला होतास’ विचारते, आणि वाचकाला वाटतं, नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं.

याहून अवघड प्रश्न गुपितांचा. वसंतानं जमीन परस्पर गहाण टाकली आहे आणि ते बाराव्या प्रकरणात फुटायचं आहे. नोंदीत नुसतं ‘वसंतानं जमीन गहाण टाकली’ असेल, तर दहाव्यातच दिनकर त्याला टोमणा मारून मोकळा होतो. कारण नोंदीतलं सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, असं धरून मजकूर तयार होऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रकरणानंतर लिहायचं: ‘नवव्या प्रकरणाअखेर: गहाणाचं वसंता आणि सावकार यांनाच माहीत. सुमनला संशय, पण ती बोललेली नाही. दिनकरला कल्पना नाही.’ बाराव्यातला स्फोट मात्र या फाइलीत नकोच. तो आपल्यापाशी ठेवावा.

बदल झाला की जुनी ओळ पुसून नवी लिहावी, खाली जोडू नये. ‘सुमनला संशय’ आणि ‘सुमनला कळलं’ दोन्ही राहिलं, तर कधी हे उचललं जाईल, कधी ते. फाइल दोन-तीन पानांची असावी. फुगली की मधलेच तपशील निसटतात. दहाव्या प्रकरणात घरी नसलेल्या आत्याबाईंची कुंडली त्या दिवशी चिकटवायचं कारण नाही. आणि भाषेचा बाज नोंदींतून पोचत नाही. त्यासाठी आपल्याच हातचे, आधीच्या प्रकरणातले दोन परिच्छेद सोबत द्यावे लागतात, शक्यतो संवाद असलेले.