एक सिग्नल, बारा खरेद्या

हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण इंजिनिअर. त्याला निखिल म्हणू. पात्र काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण त्याच्या बॉटमधली चूक घरी बॉट लिहिणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते. निखिलने ब्रोकरच्या एपीआयला जोडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ठरावीक सिग्नल मिळाला की एका कंपनीचे १०० शेअर इंट्राडेत घ्यायचे, आणि ₹५०० ला घेतलेला शेअर ₹४९५ वर आला की विकून मोकळे व्हायचे. म्हणजे फार तर ₹५०० चा तोटा. खात्यात ₹१,२५,००० होते. इंट्राडेसाठी २० टक्के मार्जिन लागत असल्याने ₹५०,००० च्या एका खरेदीला ₹१०,००० अडकणार होते.

सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी सिग्नल आला. बॉटने ऑर्डर पाठवली आणि मिनिटभरात निखिलच्या फोनवर खरेदीच्या सूचनांची रांग लागली. त्याने ब्रोकरचे अ‍ॅप उघडले, तर १०० च्या जागी १,२०० शेअर. बॉटच्या स्क्रीनवर मात्र खरेदी शून्य.

दोष या सहा ओळींत होता:

```python
while True:
    try:
        place_order("BUY", 100, timeout=3)
        break
    except Exception:
        time.sleep(1)
```

अर्थ साधा आहे. ऑर्डर पाठव, तीन सेकंद उत्तराची वाट पाहा. उत्तर आले तर थांब, काहीही बिनसले तर एक सेकंद थांबून पुन्हा पाठव. नेट अधूनमधून तुटते म्हणून निखिलने ही सोय केली होती. पण बाजार उघडल्यानंतरच्या गर्दीत ब्रोकरचा सर्व्हर उत्तर द्यायला चार सेकंद घेत होता. ऑर्डर पोहोचत होती, एक्स्चेंजवर खरेदीही होत होती, फक्त पोच उशिरा येत होती. तोवर बॉटने हात टेकलेले असत आणि तो तीच ऑर्डर पुन्हा पाठवत असे.

‘उत्तर आले नाही’ आणि ‘ऑर्डर गेली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआयने पैसे पाठवताना चक्र फिरत राहिले तर आपण आधी बँकेतली शिल्लक पाहतो, लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही. बॉटला हे शिकवलेले नव्हते. दर चार सेकंदांना एक, अशा ४८ सेकंदांत बारा ऑर्डरी गेल्या. तेरावी मार्जिन अपुरे म्हणून नाकारली गेली. बारावर गाडी अडली ती पैसे संपले म्हणून. खात्यात दहा लाख असते तर खरेदी तशीच चालू राहिली असती. शिवाय आपण काही घेतलेच नाही अशी बॉटची समजूत असल्याने ₹४९५ चा स्टॉप-लॉसही त्याने लावला नव्हता.

मग निखिलने घाईघाईत फोनवरून ५०० शेअर ₹४९७ ला विकले. तोटा ₹१,५००, पण मार्जिन मोकळे झाले. बॉट अजून चालूच होता. `except Exception` या ओळीत नेटची अडचण आणि ब्रोकरचा स्पष्ट नकार हे दोन्ही एकाच तागडीत तोलले जातात. त्यामुळे नकार मिळूनही बॉट दर काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत होता. पैसे मोकळे होताच वीसेक सेकंदांत त्याने ५०० शेअर ₹४९७ ने परत घेतले. तेव्हा कुठे निखिलने लॅपटॉपवरचा प्रोग्राम बंद केला आणि सगळे १,२०० शेअर ₹४९५ ला विकले. पहिले ₹१,५००, उरलेल्या ७०० शेअरवर ₹३,५०० आणि नव्या ५०० वर ₹१,०००. एकूण तोटा ₹६,०००, वर दलाली आणि कर. ठरल्याप्रमाणे झाले असते तर ₹५०० वर भागले असते.

हे नवशिक्यांनाच होते असे नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली संस्थेत याच जातीची चूक झाली. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला आणि तिथला जुना, वापरातून गेलेला भाग जागा झाला. ऑर्डर पूर्ण झाल्याची नोंद त्या भागापर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणून तो ऑर्डरी पाठवतच राहिला. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. गोंधळात तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढून टाकला. मग तिथेही जुना भाग जागा झाला. निखिलने चालू बॉट तसाच ठेवून शेअर विकले, त्याचाच हा मोठा अवतार.

आपल्याकडे सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी चौकट आखली. स्वतः बॉट लिहिणाऱ्याने सेकंदाला दहा ऑर्डरींची मर्यादा ओलांडली तर त्याला ब्रोकरमार्फत एक्स्चेंजकडे नोंदणी करावी लागते. पण निखिलचा बॉट चार सेकंदांना एकच ऑर्डर पाठवत होता. वेगावरचा पहारा अशी चूक पकडत नाही. ती आपल्याच कोडमध्ये अडवावी लागते.

त्यासाठी प्रत्येक सिग्नलला एक खूण द्यायची, आणि ऑर्डर पाठवण्याआधी ती डिस्कवरच्या फाइलीत लिहून ठेवायची, म्हणजे प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी आठवण राहते. तीच खूण ऑर्डरसोबत ब्रोकरकडे पाठवायची. मात्र अनेक ब्रोकरांकडे ती नुसती चिठ्ठी असते. तीच चिठ्ठी लावून दुसरी ऑर्डर आली तर ते ती आपणहून अडवत नाहीत. म्हणून उत्तर आले नाही तर बॉटने पुन्हा ऑर्डर न पाठवता ब्रोकरचे ऑर्डर-बुक मागवायचे आणि त्यात ती खूण शोधायची. सापडली तर काम झाले. नाही सापडली तरी लगेच पाठवायचे नाही, कारण नोंद दिसायला काही क्षण लागू शकतात. दोन-तीनदा पाहूनही उलगडा झाला नाही, तर बॉटने थांबून माणसाला हाक मारायची.

याच्या जोडीला दोन आडकाठ्या हव्यात. दिवसाला जास्तीत जास्त किती ऑर्डरी आणि एका वेळी जास्तीत जास्त किती शेअर, हे आकडे कोडमध्ये पक्के लिहायचे. हातातल्या शेअरची संख्या बॉटच्या स्मृतीतून घ्यायची नाही, दर वेळी ब्रोकरकडूनच विचारायची. निखिलच्या कोडमध्ये ‘१०० च्या वर जायचे नाही’ एवढी तपासणी असती तर दुसरी ऑर्डरच गेली नसती.

चूक घडलीच तर क्रम सोडू नका. आधी बॉट बंद करा, मग प्रलंबित ऑर्डरी रद्द करा, कारण प्रोग्राम बंद केल्याने एक्स्चेंजवर पोहोचलेल्या ऑर्डरी मागे येत नाहीत. शेअर विकायचे ते त्यानंतर. आणि नवा बॉट पहिल्यांदा खऱ्या पैशांवर चालवाल तेव्हा १०० नव्हे, एकच शेअर घेऊन चालवा. मुद्दाम नेट तोडा, उत्तर अडवा, ऑर्डर दुसऱ्यांदा जाते का ते ऑर्डर-बुकात पाहा. या परीक्षेत बॉट पास झाल्याशिवाय त्याला मोठी रक्कम देऊ नका.