पाच लाखांच्या उंबरठ्यावरचा हप्ता

या आठवड्यात ग्रॅच्युइटीकडे वळायचे ठरले होते. पण गेल्या लेखातल्या कलम 89 वरून बार्शी तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न आला आणि ग्रॅच्युइटी मागे पडली. प्रश्न असा: सातव्या वेतन आयोगाचा फरक हातात पडलाच नाही, तो थेट भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात गेला. तरी फेब्रुवारीच्या पगारातून कर मात्र भरपूर कापला गेला. हे कसे?

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हा प्रश्न चहाच्या वेळी हमखास निघतो, आणि त्याचे उत्तर सहसा अर्धेच मिळते.

राज्य सरकारने सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला, पण वाढीव पगार प्रत्यक्ष सुरू झाला 2019 च्या आरंभी. मधल्या 36 महिन्यांचा, म्हणजे डिसेंबर 2018 पर्यंतचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. त्यातला पहिला हप्ता 2019-20 मधला. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीला लागलेल्यांचा हप्ता निधीच्या खात्यात जमा झाला. त्यानंतर लागलेल्यांना तो निधी नाही.

निधीत गेलेली रक्कम हाती आली नसली, तरी ती कर्मचाऱ्याच्या नावावर जमा झालेला पगारच आहे. त्यामुळे ज्या वर्षी जमा झाली, त्या वर्षाच्या उत्पन्नात ती धरली जाते. जुन्या पद्धतीत निधीतल्या जमेला 80सी ची वजावट मिळते, पण दीड लाखाची मर्यादा आधीच विमा, गृहकर्जाचे मुद्दल आणि मासिक वर्गणीने भरलेली असेल, तर या हप्त्यासाठी तिथे जागाच उरत नाही.

आता आकडे. सोयीसाठी ते गोल धरले आहेत. एका शिक्षकांचे 2019-20 मधले सर्व वजावटींनंतरचे करपात्र उत्पन्न 4,80,000 रुपये होते. पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तेव्हा 12,500 रुपयांपर्यंतची करसूट होती, त्यामुळे त्यांचा कर शून्य. त्यात 36,000 रुपयांचा हप्ता आला आणि उत्पन्न 5,16,000 झाले. पाच लाखांचा उंबरठा ओलांडला की ती सूट एका फटक्यात जाते, थोडीथोडी कमी होत नाही. पहिल्या टप्प्याचे 12,500, वरच्या 16,000 वर 20 टक्क्यांनी 3,200, त्यावर 4 टक्के उपकर: एकूण 16,328 रुपये. म्हणजे 36,000 च्या हप्त्यासाठी कर 16,328! इतका दर तर कोट्यधीशालाही ऐकून घाम फुटावा.

कलम 89 याच ठिकाणी उपयोगी पडते. ते म्हणते, हा पैसा वेळेवर मिळाला असता तर त्या-त्या वर्षी किती कर बसला असता ते मोजा, आणि आताच्या जादा करातून तो वजा करा. उरेल ती सवलत. नियम 21अ मध्ये मोजण्याची रीत दिली आहे.

हप्ता एकूण फरकाचा पाचवा भाग आहे, आणि फरक 36 महिन्यांचा. म्हणून या उदाहरणात दर महिन्याच्या वाट्याला 1,000 रुपये येतात. 2015-16 मधले तीनच महिने मोजायचे, त्यामुळे त्या वर्षाला 3,000. 2016-17 आणि 2017-18 ला प्रत्येकी 12,000. आणि 2018-19 च्या नऊ महिन्यांना 9,000. महिन्यानुसार प्रत्यक्ष फरक कमी-जास्त असेल तर पगार बिलावरचाच आकडा घ्यावा. सरसकट भागाकार फक्त समजण्यापुरता.

या शिक्षकांचे जुन्या चारही वर्षांचे उत्पन्न साडेतीन ते सव्वाचार लाखांच्या दरम्यान होते. 2015-16 आणि 2016-17 मध्ये अडीच ते पाच लाखांवर दर 10 टक्के होता, उपकर 3 टक्के. म्हणून 3,000 वर 309 आणि 12,000 वर 1,236 रुपये वाढले असते. 2017-18 पासून तोच दर 5 टक्के झाला, तेव्हा 12,000 वर 618. 2018-19 मध्ये उपकर 4 टक्क्यांवर गेला, तेव्हा 9,000 वर 468. चारही वर्षांची बेरीज 2,631.

16,328 मधून 2,631 वजा केले की 13,697 रुपये सवलत. शिक्षकांनी भरायचे फक्त 2,631.

ही सवलत जुन्या वर्षांचे विवरणपत्र दुरुस्त करून मिळत नाही. जुनी वर्षे फक्त कागदावर उघडायची, मोजायची आणि मिटायची. विवरणपत्र बदलते ते हप्ता मिळालेल्या वर्षाचेच. त्याआधी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर फॉर्म 10E भरावा लागतो, थकबाकीसाठी त्यातले परिशिष्ट 1. तिथे निवडायचे करनिर्धारण वर्ष हप्ता मिळालेल्या वर्षाचे असते: 2019-20 चा हप्ता असेल तर 2020-21. बरेच जण ज्या वर्षाचा फरक, तेच वर्ष निवडतात आणि फॉर्म वाया जातो. दुसरी चूक म्हणजे विवरणपत्रात सवलतीचा आकडा टाकायचा आणि 10E विसरायचा. अशा वेळी विभागाची सूचना येते ती सवलत नामंजूर करून, करमागणीसह.

जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था असल्याने पगार बिल काढणारे कार्यालय कर कापतानाच ही सवलत धरू शकते, मात्र कर्मचाऱ्याने आधी तपशील द्यायला हवा. बार्शीच्या शिक्षकांनी तो दिला नव्हता, म्हणूनच पूर्ण कर कापला गेला. तो परत मिळण्याचा मार्ग 10E आणि विवरणपत्र हाच.

पण सवलत सगळ्यांनाच मिळेल असे नाही. हप्ता धरूनही उत्पन्न पाच लाखांच्या आत राहिले, तर 2019-20 चा कर शून्यच. मग कशातून वजा करणार? 10 टक्के दराची जुनी वर्षे मोजली तर आकडा उणे येईल, आणि उणे आकड्याची सवलत शून्यच असते, दंड नाही. चारही वर्षे आणि हप्त्याचे वर्ष 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यांनाही जवळपास काहीच मिळत नाही. एकूण सवलत जिथे उत्पन्न एखाद्या उंबरठ्याजवळ असते तिथेच फुगते. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा, निम्मे श्रम वाचतात.

यातली गुंतागुंत दुसऱ्या हप्त्यापासून सुरू होते. 2020 मध्ये करोनामुळे सरकारने तो पुढे ढकलला आणि पुढचे हप्तेही त्यामुळे सरकले. कर मात्र हप्ता ज्या वर्षी दिला गेला त्या वर्षीचाच. आता 2016-17 पुन्हा उघडताना पहिल्या हप्त्याचे 12,000 त्या वर्षाच्या उत्पन्नात धरायचे की नाही? लेखकाच्या मते धरलेच पाहिजेत. एकदा भरलेली घागर रिकामी समजून पुन्हा त्यात पाणी ओतले, तर माप चुकणारच. पहिल्या वेळी मोजलेले उत्पन्न 3,92,000 असेल, तर दुसऱ्या हप्त्याची मोजणी 3,92,000 पासून सुरू करायची. मधल्या टप्प्यात फरक पडत नाही, पण एखाद्या वर्षी उत्पन्न पाच लाखांच्या जवळ असेल तर 10 टक्क्यांचे 20 टक्के तिथे होतात. यासाठी आधीच्या 10E ची प्रत आणि त्या-त्या वर्षाचा फॉर्म 16 लागतो, आणि पाच हप्त्यांनंतर नेमकी तीच कागदपत्रे सापडत नाहीत.

निवृत्तांचे थोडे वेगळे. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा फरकही पगारासारखाच मोजला जातो, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही सवलत आहे, पण साठीच्या आधीची आणि नंतरची वर्षे एकाच हप्त्यात मिसळली की करमुक्त मर्यादा प्रत्येक वर्षी वेगळी लागते. ते आणि ग्रॅच्युइटी पुढच्या आठवड्यात.