पाच गायींच्या गोठ्याचा ताळेबंद

गायीचे दूध ऋतूप्रमाणे, वेताप्रमाणे चढते-उतरते. तिचा चारा मात्र रोज लागतो. लहान गोठ्याच्या आराखड्यातले बहुतेक घोळ या एका गोष्टीकडे डोळेझाक केल्याने होतात. पश्चिम महाराष्ट्रातील पाच संकरित होल्स्टीन गायींचा गोठा उदाहरण म्हणून घेतला, तर हे स्पष्ट दिसते. पुढील भाव हिशोबापुरते धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालावेत.

बाजारात ‘वीस लिटरची गाय’ म्हणतात तेव्हा तो विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी गाठला जाणारा सर्वोच्च आकडा असतो. ढोबळ नियम असा, की या आकड्याला दोनशेने गुणले की साधारण पूर्ण वेताचे दूध मिळते. म्हणजे वीस लिटरची गाय 305 दिवसांत सुमारे 4,000 लिटर देते. सरासरी तेरा लिटर. विकत घेताना सलग तीन धारा स्वतःसमोर काढून मोजाव्यात. एक वेळची धार चुकवून कास तट्ट भरलेली दाखवणे ही व्यापाऱ्यांची जुनी युक्ती आहे, आणि ती पहिल्या धारेत उघडी पडत नाही.

खाद्याचा हिशोब दोन भागांत पाहावा. शरीर चालवण्यासाठी गायीला दूध असो-नसो दीड किलो पेंड, वीस किलो हिरवा चारा, पाच किलो कडबा आणि थोडे खनिज मिश्रण लागते. पेंड 32 रुपये, हिरवा चारा 3 रुपये आणि कडबा 8 रुपये किलो धरला, तर हा रोजचा खर्च 158 रुपये होतो. त्यावर प्रत्येक लिटर दुधामागे 400 ग्रॅम पेंड, म्हणजे सुमारे 13 रुपये. दुधाला 34 रुपये मिळाले तर लिटरमागे 21 रुपये उरतात. तेव्हा रोज साडेसात लिटरच्या खाली गेलेली गाय स्वतःचा चाराही फेडत नाही. वेताच्या शेवटी आठ लिटरवर आलेल्या गायीला वीस लिटरच्या दिवसांतलीच पेंड घालत राहणे हा सर्रास आढळणारा तोटा आहे.

खरा पैसा मात्र दोन वेतांमधल्या अंतरात जिरतो. गाय दर तेरा महिन्यांनी व्याली, तर वेतातले दूध 1,36,000 रुपयांचे होते आणि खाद्यावर सुमारे 1,15,000 जातात. उरलेल्या एकवीस हजारांतून वासराला पाजलेले दूध, औषधे, वीज आणि व्याज निघायचे असते. अशात एक माज चुकला, की पुढचा माज 21 दिवसांनी. तेवढे भाकड दिवस वाढतात आणि सुमारे 3,300 रुपयांचा चारा दुधाविना जातो. म्हणूनच माज ओळखणे हे गोठ्यातले सर्वांत किफायतशीर काम ठरते: हंबरणे, दूध अचानक कमी होणे, चिकट पारदर्शक स्राव, दुसरी गाय अंगावर चढली तरी स्थिर उभे राहणे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करतात.

मरतुकीत मोठ्या गायीची आणि वासराची गोष्ट वेगळी. ऐंशी हजारांची गाय गेली, तर तिची किंमत भरून काढायला बाकीच्यांची वेतामागून वेते जातात. त्यामुळे विमा आणि कानातला बिल्ला हवाच. बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा बसवून घ्यावा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडते. वासरे मरतात ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, हगवणीने आणि न्यूमोनियाने. जन्मल्यापासून दोन तासांत दोन-तीन लिटर चीक पोटात जाणे आणि नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवणे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. दगडी झाल्याने एक सड कायमचे आटले, तर गाय जिवंत राहते, पण दूध घटते. आणि असले नुकसान साध्या विम्यात बसत नाही. पहिल्या चार-सहा पिळक्या काळ्या फडक्यावर घेतल्या, तर गुठळ्या लवकर दिसतात.

रोख पैशाचे चक्र दहा दिवसांचे. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ पाहून दूध घेतले जाते; फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 च्या खाली गेले की दर कापला जातो. दहा दिवसांचा दुधाचा पगार त्यानंतर काही दिवसांनी हाती येतो. त्यामुळे सुरुवातीला निदान पंधरा दिवसांचे खाद्य स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते. पंधरा लिटर देणाऱ्या एका गायीचे रोजचे 350 धरले, तर तीन गायींसाठी हे जवळपास सोळा हजार होतात. पाचही गायी एकदम आणल्या तर त्या पुढे एकदमच आटतात, आणि दोन महिने दूध शून्य असताना चाऱ्याला सुमारे सत्तेचाळीस हजार लागतात. तीन गायी आधी आणि दोन सहा महिन्यांनी, हे बँकाही मागतात ते यासाठीच. केंद्रावरून उधारीवर पेंड उचलली की ती पगारातून वळती होते. तेव्हा हाती आलेल्या रकमेला नफा न समजता पगाराच्या पावतीवरची कपातही वहीत वेगळी मांडावी लागते.