बाळाचं वजन वाढतंय, मग आई?

स्तनपान देणाऱ्या आईचं पोषण जोखताना पहिली चूक बाळाच्या वजनावर विसंबण्यात होते. आईचं खाणं बरंच कमी असलं तरी दूध बहुधा येत राहतं. ते तिच्या अंगातल्या साठ्यातून येतं. म्हणून बाळ गुटगुटीत आणि आई खंगलेली, असं घडू शकतं.

समजा, दोन महिन्यांचं बाळ असलेली, बैठं काम करणारी एक बाई. आहारतज्ज्ञ तिला ‘जेवण नीट होतं का’ असं विचारत नाहीत, कारण उत्तर ‘हो’च येतं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, हे वाटी-चमच्याच्या मापाने विचारतात. उत्तर असं: अर्धा अर्धा कप चहा तीनदा, चार बिस्किटं, ज्वारीच्या तीन भाकऱ्या, दोन चमचे तूप, दोन वाट्या भात, एक वाटी पातळ वरण. पालेभाजी नाही, बाळाचं पोट बिघडेल म्हणून. पाणी दोन पेले, तेही सासूबाईंच्या सांगण्यावरून.

हिशेब साधारण १,२०० कॅलरींवर येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या स्त्रीला १,६६० कॅलरी लागतात आणि पहिले सहा महिने स्तनपानासाठी आणखी ६००. म्हणजे जवळपास निम्मी तूट!

कॅल्शियम तर गरजेच्या १,२०० मिलीग्रॅमपैकी जेमतेम २५०च भरतं. उरलेल्याची भर शरीर हाडांतून घालतं. एक पेला दूध किंवा नाचणीची एक भाकरी साधारण दोनशेच्या आसपास देते, त्यामुळे ताटातला बदल इथे लगेच दिसतो.

लोहाचं गणित वेगळं आहे. दुधातून ते फार थोडं जातं, पण गरोदरपणात आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावात साठा रिकामा झालेला असतो. रोजची गरज २३ मिलीग्रॅम आणि या ताटात आठेक. त्यामुळे फक्त आहार विचारून भागत नाही, हिमोग्लोबिन तपासावंच लागतं. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय. अळिवाचा लाडू कॅलरी चांगल्या देतो, पण रक्तक्षयावर गोळीची जागा घेत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला १८० दिवस लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. जेवणाला लागून घेतलेला चहाही तेच करतो. रक्तक्षय असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतात.

पाण्याबद्दल दोन टोकं दिसतात. कुणी तोडतं, कुणी ‘दूध वाढेल’ म्हणून तांब्यामागून तांब्या पाजतं. जास्त पाण्याने दूध वाढत नाही. पण रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध अंगातून जातं, त्याची भरपाई हवीच. लघवी गडद पिवळी, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ या खुणा विचारायच्या. दर वेळी पाजायला बसताना शेजारी भरलेला पेला ठेवायचा आणि तहान लागेल तितकं प्यायचं.

या बाईला सुचवलं ते असं: एक भाकरी नाचणीची, वरण घट्ट आणि दोनदा, शेंगदाण्याची चटणी, दोन पेले दूध, मेथी किंवा शेपू लिंबू पिळून. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच ‘काल काय खाल्लं’चा प्रश्न, आणि या वेळी सासूबाईंनाही शेजारी बसवून.